पहिल्या दिवसापासूनचं व्याज

मी तीस वर्षं गावच्या सेवा सहकारी संस्थेचा गटसचिव होतो. म्हणजे काय, तर शेतकऱ्यांना धानाच्या हंगामासाठी कर्ज वाटायचं आणि मार्च महिन्यात त्यांच्या मागं कुत्र्यासारखं लागून ते वसूल करायचं. केशोरीपासून पार इटियाडोहच्या कालव्यापर्यंत असा एक शेतकरी नसेल ज्यानं मला मनातल्या मनात शिवी घातली नाही. एकजण तर तोंडावर म्हणाला होता, "साहेब, गुढीपाडव्याले देतो ना, चार दिवसाची तं गोष्ट आहे." मी म्हटलं, "पाडवा तुह्या घरी. संस्थेत एकतीस मार्च म्हणजे एकतीस मार्च. व्याज तिथी पाहून थांबते काय?" सगळे हसले. मलाही माझं बोलणं लई आवडलं होतं.

हे एवढ्यासाठी सांगतो की पुढं जे झालं ते वाचून तुम्ही मला हसणारच आहात, तर आधीच मोकळेपणानं हसून घ्या.

माझा धाकटा भाऊ माघात गेला. त्याची बायको त्याच्या आधीच गेली होती. मूलबाळ नव्हतं. नव्हतं असं कागद म्हणतो, त्याबद्दल पुढं येईलच. जाण्याच्या दोन वर्षं आधी त्यानं तालुक्याच्या गावी जाऊन वसीयत करून ठेवली होती. शेती आणि घर माझ्या मुलाला. पाच लाख रुपये 'माझी भाची' हिला. आणि हे सगळं वसीयतीप्रमाणं पार पाडायला एक्झिक्युटर म्हणून मी. मेलेल्या माणसाचं म्हणणं त्याच्या मागं पुरं करणारा तो एक्झिक्युटर, असं मला तेव्हा समजावून सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. आयुष्यभर कागदावरच तर जगलो, मला काय कठीण जाणार होतं!

ही भाची म्हणजे आमच्या सगळ्यात लहान बहिणीची मुलगी. बाळंतपणानंतर दोन महिन्यांत बहीण गेली. तिच्या बापानं दुसरं लग्न केलं आणि तो छत्तीसगडकडं निघून गेला. भावानं ते गाठोडं उचलून घरी आणलं. त्याच्या बायकोनं शेळीच्या दुधावर ते वाढवलं. दत्तक घेण्याचा कागद करायचा तो 'करू करू' म्हणता राहूनच गेला. शाळेत बापाचं नाव तिकडच्याचंच लागलं. पण पोरगी भावाला बाबा म्हणायची आणि मला मोठे मामा. हे बरोबर कसं, तर कसंही नाही. दोन सख्खे भाऊ, एक बाबा आणि एक मामा! गावात कोणाला यात काही वावगं वाटत नव्हतं.

एकाच गोष्टीवरून बोलणी व्हायची. आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो. भाचा-भाची म्हणजे देव, त्यांना आपल्या पाया पडू द्यायचं नसतं, पाप लागते. मी पडायचो. ती तीन वर्षांची असल्यापासून, दिवाळीला, पोळ्याला, ती हॉस्टेलला जाताना, परत येताना. एवढीशी पोरगी फ्रॉक सांभाळत ऐटीत उभी राहायची आणि मी, अख्ख्या पंचक्रोशीच्या थकबाकीदारांना घाम फोडणारा माणूस, वाकायचो. भाऊ मात्र कधी पडला नाही. उलट तीच त्याच्या पाया पडायची आणि तो पडू द्यायचा.

तिच्या लग्नात हा विषय ऐन मांडवात निघाला. भाऊ आणि त्याची बायको कन्यादानाला बसले, आणि मामानं वाकायची वेळ आली तेव्हा आमची एक म्हातारी आत्या सगळ्यांसमोर भावावर डाफरली, "अरे, भाचीच्या पाया पडत नाहीस, नरकात जाशीन! आज तरी पड." भाऊ जागचा हलला नाही. माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "तिचा मामा तो तिकडे उभा आहे, त्याले सांगा. पोरीच्या पाया बाप पडते काय?" आत्या तोंडात पदर घालून बसली. मी पुढं होऊन वाकलो आणि कार्यक्रम पुढं सरकला. मी त्या वेळी पंगतीच्या काळजीत होतो, त्यामुळं ते बोलणं कानावरून गेलं आणि विसरलो असंच मला वाटत होतं.

तर भाऊ गेला. तेरवी झाली. बँकेतल्या त्याच्या ठेवी मी रीतसर गोळा केल्या, दवाखान्याचं बिल भरलं, खताच्या दुकानाची उधारी फेडली. चार-पाच महिन्यांत सगळं मोकळं झालं. पाच लाख माझ्या ताब्यात, खात्यात पडून. भाची गोंदियाला नर्स आहे. तिनं फोन केला, "मोठे मामा, बाबानं ठेवलेल्याचं काय झालं?" मी म्हटलं, "वर्षश्राद्ध होऊ दे. त्याच्या आधी मेलेल्या माणसाचा पैसा हलवत नसतात." ती बरं म्हणाली.

खरं सांगू? असा काही नियम आमच्या घरात नव्हता. मीच तो फोनवर उभ्या उभ्या बनवला. पण एकदा बोललो म्हणजे बोललो. माझा स्वभावच तसा.

त्या वर्षी नेमका अधिक श्रावण आला. वर्ष तेरा महिन्यांचं झालं. त्यामुळं भाऊ ज्या तारखेला गेला ती तारीख उलटून एकोणीस दिवस झाले तेव्हा कुठं त्याची तिथी आली. माझ्या डोक्यात वर्ष तिथीनं चाललेलं. श्राद्धाला ती आली, पत्रावळी उचलल्या, मी तिच्या पाया पडलो. निघताना ती म्हणाली, "मामा, आता झालं ना वर्ष?" मी म्हटलं, "हव हव, या महिन्यात."

आणि त्याच आठवड्यात माझ्या मुलानं ट्रॅक्टरचा विषय काढला. "बाबा, ते पाच लाख तसेच पडून आहेत. डाउन पेमेंट भरतो. उन्हाळी धान निघाला का आखाडात ठेवून देतो तसेचे तसे. तिले कायले घाई आहे, नोकरी आहे तिची." मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मी तिजोरीची किल्ली हातात घेऊन तीस वर्षं नाहीच म्हणत आलो होतो! पण पोटच्या पोरापुढं जीभ उचलली नाही. दिले. धान उन्हाळ्यात निघतो, इटियाडोह धरणाचं पाणी यंदा भरपूर आहे, असं स्वतःलाच समजावलं.

तिचे फोन आले. एकदा मी म्हटलं, लग्नसराई आहे. एकदा म्हटलं, बँकेचं सर्व्हर डाउन आहे. एकदा तर म्हटलं, माझं पोट दुखते. पोटाचा आणि पाच लाखाचा काय संबंध, हे तिनं विचारलं नाही, पण फोन लवकर ठेवला.

जूनच्या शेवटी पोस्टमन आला आणि सही घेऊन एक पाकीट देऊन गेला. गोंदियाच्या वकिलाची नोटीस. मला! माझ्या नावानं! ज्यानं उभ्या आयुष्यात हजारांनी नोटिसा काढल्या त्या माणसाला! मी ओसरीत एवढ्या मोठ्यानं ओरडलो की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. "आजपर्यंत पाया पडलो तिच्या! आणि ही मले नोटीस पाठवून राहिली?"

मुलानं वाचून दाखवली. पाच लाख द्या, आणि त्यावर सहा टक्क्यांनी व्याज द्या. तेही 'मयताच्या मृत्यूच्या दिनांकापासून'.

दुसऱ्याच दिवशी मी तालुक्याला, अर्जुनीला गेलो. तिथं कोर्टाच्या समोर एक वकील बसतात, आमच्या संस्थेची कामं करायचे. माणूस शांत. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी वसीयत वाचली, नोटीस वाचली, मग चहा सांगितला. वकिलानं आधी चहा सांगितला की समजावं, आपली बाजू पातळ आहे.

"सचिवसाहेब," ते म्हणाले, "पैसे कधी द्यायचे ते वसीयतीत लिहिलेलं नाही. अशा वेळी कायदा तुम्हाला मृत्यूपासून एक वर्ष देतो. त्या वर्षात देणी फेडायची, येणी गोळा करायची, मालमत्ता किती ते पाहायचं. तेवढ्यात कोणी तुम्हाला जबरदस्ती करू शकत नाही. पण वर्ष संपलं की व्याज सुरू."

"वर्ष संपून जास्त दिवस नाही झाले," मी म्हटलं. "फेब्रुवारीत तर तिथी होती."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तिथी?"

"वर्षश्राद्धाची. अधिक महिना होता ना."

ते थोडं हसले. मग जास्त हसले. "तुम्हीच ना ते, व्याज पाडव्यासाठी थांबत नाही म्हणणारे? कायदा कॅलेंडरचं वर्ष मोजतो. जानेवारीत संपलं. तुमचे एकोणीस दिवस तिथीनं खाल्ले आणि नंतरचे पाच महिने ट्रॅक्टरनं."

ट्रॅक्टरचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. पण लहान तालुक्यात ट्रॅक्टर लपत नाही.

मी म्हटलं, "बरं, चुकलं. वर्षानंतरचं व्याज देतो. दर काय?"

"सहा टक्के. मृत्युपत्र करणारा हिंदू असला की सहा, कायद्यातच लिहिलेलं आहे. जुलैअखेर दिलेत तर सहा महिन्यांचे पंधरा हजार. हे व्याज एरवी इस्टेटीच्या उरलेल्या भागातून जातं, म्हणजे तुमच्या मुलाच्या वाट्यातून. पण उशिराला काही कारणच नसलं, तर कोर्ट एक्झिक्युटरच्या खिशाकडं बोट दाखवू शकतं."

"मग मृत्यूच्या दिवसापासून काऊन मागून राहिली ती? एवढी नोकरीवाली पोरगी, वकील करून, पहिल्या वर्षाच्या तीस हजारासाठी?"

वकिलांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तिला तीस हजार नको असतील, साहेब. कायद्यात एक अपवाद आहे. देणारा हा घेणाऱ्याचा आई-बाप असला, आजा-पणजा असला, किंवा त्यानं स्वतःला तिच्या बापाच्या जागी ठेवलेलं असलं, तर व्याज एक वर्ष थांबत नाही. तो मेला त्या दिवसापासूनच लागतं. हे व्याज लेकराला मिळतं. भाचीला नाही."

वसीयतीतला तो शब्द मला दिसायला लागला, 'माझी भाची'. भाऊ लिहायला गेला तेव्हा मी सोबत होतो. लिहिणाऱ्यानं विचारलं, नातं काय? भाऊ म्हणाला, पोरगी. तो म्हणाला, कागदावर बापाचं नाव दुसरंच आहे, असं लिहिलं तर उद्या वाद होईल, खरं नातं सांगा. भाऊ माझ्याकडं पाहत राहिला. मी म्हटलं, "लिहा भाची. पैसे मिळाल्याशी मतलब." शहाणपणा माझाच! आणि ती पोरगी बाप गेल्यावर त्या कागदाची झेरॉक्स वाचत होती, तेव्हा तिच्या हाताशी बापानं लिहिलेलं असं शेवटचं तेवढंच होतं.

वकील बोलतच होते. "घाबरू नका, हा मुद्दा तिला सिद्ध करावा लागेल. दत्तकपत्र नाही. शाळेत नाव दुसऱ्याचं. वसीयतीत भाची. आपण म्हणू, मामानं मामा म्हणून सांभाळलं, बस. तुम्ही एक प्रतिज्ञापत्र द्या. आपल्याकडची रीत तर जजलाही ठाऊक आहे, मामा भाचीच्या पाया पडतो. तुम्ही पडता ना?"

"हव."

"झालं तर मग. लिहून देऊ, की तुम्ही दोघंही भाऊ मामा म्हणून तिच्या पाया पडत होतात."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. बाहेर कोणीतरी स्टँपपेपरसाठी भांडत होतं. माझ्या डोळ्यांसमोर मांडव उभा राहिला, आत्याचा पदर, आणि भावाचं ते माझ्याकडं दाखवलेलं बोट. तिचा मामा तो तिकडे उभा आहे. विसरलो म्हणत होतो ना मी? शब्द न शब्द आठवत होता.

"तो नव्हता पडत," मी म्हटलं.

"अं?"

"माहा भाऊ. कधीच नाही पडला. बाप पोरीच्या पाया पडते काय, म्हणे."

वकिलांनी टोपण परत लावलं. "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"लग्नातल्या चारशे माणसाले. पण त्याईची गरज नाही. मीच सांगून राहिलो ना."

त्यांनी नोटीस परत पुढं ओढली. मग म्हणाले, "मग कोर्टात कायले जायचं? हिशोब करून टाकू." आणि कागदाच्या मागच्या बाजूला त्यांनी आकडा लिहिला. दीड वर्षाचे पंचेचाळीस हजार.

घरी येऊन मुलाला सांगितलं. तो भडकला. "पंधरा हजारात भागत होतं ना बाबा! तीस हजार उगीच माह्या वाट्यातून?" मी म्हटलं, "पहिल्या वर्षाचे तीस तुह्या वाट्यातून, कारण तुह्या काकानं तिले पोरगी मानलं, आणि त्याच काकाची शेती तू खाऊन राहिला. नंतरचे पंधरा माह्या खिशातून, कारण मी मूर्खपणा केला. आणि आखाडाआधी पाच लाख परत पाहिजेत, नाहीतर तुलेच नोटीस काढतो. मले नोटीस काढता येते, माहीत आहे ना?" दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी धान विकलेल्या पैशात सोसायटीचं कर्ज घालून पाच लाख आणून माझ्या पुढ्यात ठेवले. पोरगा वाईट नाही. माझ्यावर गेला आहे, एवढंच.

जुलैच्या शेवटी, शेतांत सगळीकडं धानाची रोवणी चालू असताना मी चेक घेऊन गोंदियाला गेलो. तिच्या भाड्याच्या खोल्यांचा जिना चढताना मी खिशातला चेक दोनदा चाचपून पाहिला. तीस वर्षं वसुलीला गेलो, देणं द्यायला पहिल्यांदाच जात होतो.

तिनं दार उघडलं. ड्युटीवरून नुकतीच आलेली, पांढरा कोट खुर्चीवर टाकलेला. "या मामा," म्हणाली. आवाज सरळ, ना राग ना गोडी. पाणी दिलं. मी चेक आणि पावतीचा कागद टेबलावर ठेवला. तिनं चेक उचलला. पाच लाख पंचेचाळीस हजार. नर्स आहे, आकडा एका नजरेत कळतो तिला. तरी तिनं विचारलं.

"व्याज कोणत्या दिवसापासून धरलं?"

"तो गेला त्या दिवसापासून."

"किस बात पर?" गोंदियात राहून राहून तिला चिडल्यावर हिंदी येते. "कोर्टाच्या भीतीनं?"

"कोर्टाले कायले भेतो मी. पावती वाच."

पावतीत वकिलांनी माझ्या सांगण्यावरून लिहिलं होतं, की मयतानं लाभार्थीला लहानपणापासून पोटच्या मुलीसारखं वाढवलं, स्वतःला तिच्या बापाच्या जागी ठेवलं, म्हणून व्याज मृत्यूच्या दिवसापासून दिलं आहे. खाली माझी सही, एक्झिक्युटर म्हणून. तिनं ते एकदा वाचलं. मग परत वाचलं. मग खुर्चीवर बसली आणि ढसढसा रडायला लागली. सासरचं माणूस घरात नव्हतं म्हणून बरं. मीही डोळे पुसले, चष्मा काढायचं विसरून.

"मामा," ती शेवटी म्हणाली, "मले पैसे नव्हते पाहिजे. तुमी घरचे सगळे मले भाची म्हणत राहिले तर माह्याजवळ बाबा म्हणायले काहीच उरत नव्हतं."

मी म्हटलं, "तो 'भाची' शब्द मी लिहायले लावला होता. त्याचा काही दोष नाही." हे तिला सांगायचं मी ठरवलेलं नव्हतं, पण निघून गेलं तोंडातून, आणि बरंच झालं.

तिनं सही केली. चहा झाला. निघायची वेळ झाली तसा मी उठलो आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तिच्या पायाकडं वाकलो. माझे दोन्ही हात तिनं वरच्या वर धरले.

"थांबा," ती म्हणाली. "आता कायले? तुमच्या लहान भावाची पोरगी आहो मी. तुमी माहे मोठे बाबा."

आणि पदर सावरून ती माझ्या पाया पडली.

मी तसाच उभा राहिलो, अर्धा वाकलेला. उभ्या आयुष्यात तिला आशीर्वाद दिलेला नव्हता, त्यामुळं काय म्हणायचं तेच सुचेना. डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सुखी राहा, पोरी. लय उशीर केला मी."